झिर्कोनियम आणि हाफ्नियम इतके सारखे कसे? लँथेनॉइड आकुंचनाचा हिशोब

अणुरेणू

लँथेनॉइड आकुंचनाबद्दल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य वाचायला मिळतं: 4f इलेक्ट्रॉन नीट शील्डिंग करत नाहीत, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतली संक्रमण मूलद्रव्यं सारख्या आकाराची असतात. वाक्य बरोबर आहे, पण "सारख्या" म्हणजे नेमकं किती आणि सारखेपणा कुठे संपतो, हे त्यातून कळत नाही. म्हणून हा धागा.

त्रिज्यांचे तक्ते मी मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. धातूची, सहसंयुज आणि आयनाची अशा तिन्ही त्रिज्या एकाच रकान्यात मिसळलेले तक्ते सर्रास दिसतात आणि तिथेच गोंधळ होतो. त्यापेक्षा अणुभाराला घनतेने भागा. एका मोल धातूने व्यापलेली जागा मिळते आणि त्यात कुणाचं गृहीतक नसतं.

टायटॅनियम: ४७.८७ भागिले ४.५१, म्हणजे १०.६ घन सेंमी.
झिर्कोनियम: ९१.२२ भागिले ६.५२, म्हणजे १४.० घन सेंमी.
हाफ्नियम: १७८.४९ भागिले १३.३१, म्हणजे १३.४ घन सेंमी.

तिघांची स्फटिकरचना एकाच प्रकारची, षट्कोनी घट्ट बांधणीची आहे. त्यामुळे तुलना न्याय्य आहे. टायटॅनियमवरून झिर्कोनियमला येताना जागा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. घनमूळ काढलं तर त्रिज्येत साधारण १० टक्के वाढ झाली. पुढच्या पायरीला इलेक्ट्रॉनांचं आणखी एक कवच चढलं, तरी जागा ४ टक्क्यांनी कमीच झाली. त्रिज्येत हा फरक १.४ टक्के आहे. अणुभार जवळपास दुप्पट आणि जागा तेवढीच, म्हणून घनताही दुप्पट.

आता शेजारचा तिसरा गट पाहा. स्कँडियम १५.०, इट्रियम १९.९, लँथेनम २२.६. इथे मोठं होणं थांबलेलं नाही. म्हणजे जे काही घडतं ते लँथेनम आणि हाफ्नियम यांच्या मधेच घडतं. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

सायली_र

छान मांडलं आहे. कारण मात्र सोपं आहे. 4f इलेक्ट्रॉन शील्डिंग अजिबात करत नाहीत. लँथेनम ते हाफ्नियम केंद्रकात प्रोटॉन भरत जातात, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना ते सगळे जाणवतात आणि अणू आत ओढला जातो. म्हणूनच 4d आणि 5d मूलद्रव्यांच्या सगळ्या जोड्या गुणधर्मांनी एकसारख्या असतात.

---

स्फटिक

सायली, दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी "अजिबात" आणि "सगळ्या" हे शब्द जड झालेत.

आधी शील्डिंग. सहा शेजारी असलेल्या त्रिसंयुज आयनांच्या त्रिज्या घ्या. लँथेनम १०३.२ पिकोमीटर, ल्युटेशियम ८६.१. चौदा पायऱ्यांत १७ पिकोमीटर घट, म्हणजे पायरीमागे सव्वा पिकोमीटरच्या आसपास. 4f इलेक्ट्रॉन काहीच झाकत नसते, तर चौदा प्रोटॉनांचा पूर्ण भार बाहेरच्यांवर पडला असता आणि आयन यापेक्षा कितीतरी जास्त आवळला असता. प्रत्यक्षात प्रत्येक 4f इलेक्ट्रॉन आपल्याबरोबर आलेल्या प्रोटॉनाचा बराचसा भाग झाकतो, पूर्ण झाकत नाही. राहिलेला तो थोडा भाग चौदा वेळा साठतो. एकेका पायरीला आकुंचन किरकोळ आहे. त्याचं महत्त्व ओळीच्या शेवटी एकदम समोर येण्यात आहे.

दुसरं, 4f हे आयनाच्या बाहेरच्या कडेला नसतात. आयनाचा आकार 5s आणि 5p ठरवतात. 4f त्यांच्या आत असतात, म्हणूनच संयुगांत ते फारसे भाग घेत नाहीत. मग आत असूनही ते पूर्ण झाकत का नाहीत? कारण 5s, 5p आणि पुढे हाफ्नियममध्ये 6s, 5d यांचा काही भाग 4f च्याही आत, केंद्रकाजवळ पोहोचतो आणि तिथे 4f चा आडोसा नसतो. शिवाय 4f इलेक्ट्रॉन एकमेकांनाही नीट झाकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पायरीला ते स्वतःही आत सरकतात.

झिर्कोनियमपासून हाफ्नियमपर्यंत अणुक्रमांक ४० वरून ७२ वर जातो, म्हणजे ३२ ची उडी. टायटॅनियमपासून झिर्कोनियमपर्यंत ती १८ चीच होती. जास्तीचे चौदा म्हणजे हे 4f. नवं कवच आल्याने जेवढं मोठं व्हायचं, जवळपास तेवढंच या चौदांनी आधी लहान करून ठेवलेलं असतं. दोन्ही आकडे इतके जुळावेत याला कोणताही नियम नाही. इथे ते जुळून आले, एवढंच.

रसायनावर परिणाम कसा होतो, तेही लिहितो. झिरकॉन या खनिजात प्रत्येक झिर्कोनियमभोवती आठ ऑक्सिजन असतात. आठ शेजाऱ्यांच्या हिशोबाने झिर्कोनियमच्या चतुःसंयुज आयनाची त्रिज्या ८४ पिकोमीटर आणि हाफ्नियमची ८३. भार तोच आणि आकारही तोच, म्हणून स्फटिकाच्या दृष्टीने कुठला आयन जागेवर बसला याने फरक पडत नाही. हाफ्नियमचं स्वतंत्र खनिज शोधत बसण्यात अर्थ नव्हता. १९२३ मध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये ते सापडवलं, तेही झिरकॉनमध्येच आणि क्ष-किरण वर्णपटाच्या आधाराने. रासायनिक चाचण्यांना ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण चाचणी झिर्कोनियमसाठी दिलेलं उत्तरच परत देत होती.

---

निखिल_आलेख

मी सगळ्या लँथेनॉइडांच्या अणुत्रिज्यांचा आलेख काढला. घसरण सरळ नाही. युरोपियमला मोठं शिखर येतं आणि इटर्बियमला दुसरं. मग आकुंचन सलग आहे असं कसं म्हणायचं? की अर्ध्या आणि पूर्ण भरलेल्या 4f ला आकुंचन लागू होत नाही?

---

अणुरेणू

निखिल, हाच तो मिसळलेल्या तक्त्यांचा घोळ. तुम्ही धातूच्या त्रिज्या घेतल्या आहेत आणि स्फटिक यांचे आकडे त्रिसंयुज आयनांचे आहेत.

धातूत बहुतेक लँथेनॉइड प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन बंधासाठी देतात. युरोपियम आणि इटर्बियम दोनच देतात, कारण तिसरा 4f मध्ये ठेवला की ते कवच अनुक्रमे अर्धं आणि पूर्ण भरतं. बंधाला एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून धातू सैल. वरच्या पद्धतीने तपासा. युरोपियम १५१.९६ भागिले ५.२४ म्हणजे २९.०, इटर्बियम १७३.०५ भागिले ६.९० म्हणजे २५.१. आणि इटर्बियमच्या लगेच पुढचं ल्युटेशियम पाहा, १७.८. एका घराच्या अंतरावर एवढी उडी दिसली की ती आकाराची नसून संयुजेची आहे असं समजा.

हेच आलेखपत्र ठेवून त्रिसंयुज आयनांच्या त्रिज्या भरा. शिखरं नाहीशी होतील. युरोपियमसुद्धा आपल्या जागी गपचूप बसेल.

---

निखिल_आलेख

भरल्या. शिखरं गेली. पण एक नवीन गोष्ट दिसली. इट्रियम ९०.० पिकोमीटर, होल्मियम ९०.१. म्हणजे इट्रियम लँथेनमच्या वर असूनही आकाराने पार होल्मियमजवळ जाऊन बसतं?

---

स्फटिक

हो, आणि ते खनिजांतही तिथेच असतं. झेनोटाइममध्ये इट्रियमसोबत जड लँथेनॉइड भेटतात, तर मोनाझाइटमध्ये लँथेनम, सिरियम, निओडिमियम यांच्यासारखे हलके जास्त असतात. इट्रियममध्ये 4f नाहीच. तरी त्याला जड लँथेनॉइडांत धरतात, कारण खनिजाला आणि द्रावणाला इलेक्ट्रॉनांची मांडणी विचारायची नसते. भार आणि त्रिज्या यांवर बहुतेक गोष्टी ठरतात.

---

अवक्षेप

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, चालत नसेल तर वेगळा धागा काढतो. झिर्कोनिल क्लोराइडच्या द्रावणातलं झिर्कोनियम दोन पद्धतींनी मोजतोय. मँडेलिक आम्लाने अवक्षेप पाडून, भट्टीत जाळून, ऑक्साइड म्हणून तोलल्यावर ठरावीक आकारमानात १०१.७ मिलिग्रॅम येतं. ईडीटीएच्या अनुमापनाने त्याच आकारमानात १०१.० मिलिग्रॅम. दोन्ही वारंवार तेच येतात. अवक्षेप नीट धुतला जात नाही असं वाटतंय, पण धुणं वाढवूनही फरक राहतो.

---

सायली_र

झिर्कोनियमचे आयन द्रावणात पाण्याशी क्रिया करून एकमेकांना जोडले जातात. जोडलेल्यांना ईडीटीए चटकन धरत नाही, म्हणून अनुमापन कमी येतं. द्रावण तीव्र आम्लात उकळून घ्या.

---

स्फटिक

सायलीचं कारण खरोखर घडणारं आहे आणि आधी तेच वगळायला हवं. ओळखायची खूण अशी: झायलेनॉल ऑरेंज टाकून, साधारण एक मोलर आम्लात, गरम असतानाच अनुमापन करा. तांबूस गुलाबी रंग जाऊन पिवळा आला की दोन मिनिटं थांबा. गुलाबी छटा परत येत असेल तर जोडलेले आयन हळूहळू सुटताहेत आणि तुमचा शेवटचा बिंदू खोटा आहे. पिवळा टिकत असेल तर कारण दुसरीकडे आहे.

ते दुसरं कारण म्हणजे या धाग्याचा विषयच. अवक्षेप, तुमचा प्रश्न बाजूचा नाही. द्रावणात हाफ्नियम आहे. मँडेलिक आम्ल झिर्कोनियमसाठी निवडक मानलं जातं. बाकीच्या बहुतेक धातूंच्या बाबतीत ते खरंही आहे, पण हाफ्नियम त्याच अवक्षेपात खाली बसतं. ईडीटीएही दोघांना सारखंच धरतं. वेगळं करता न आलेलं हाफ्नियम दोन्ही ठिकाणी झिर्कोनियमच्या नावावर जमा होतं, फक्त वेगवेगळ्या दराने.

द्रावणात १०० मिलिग्रॅम झिर्कोनियम आणि २ मिलिग्रॅम हाफ्नियम आहे असं धरू. जाळल्यावर १३५.०८ मिलिग्रॅम ZrO2 आणि २.३६ मिलिग्रॅम HfO2, एकूण १३७.४४. तुम्ही सगळं ZrO2 समजून ०.७४०३ ने गुणता, उत्तर १०१.७. ईडीटीए मात्र वजन पाहत नाही, कण मोजतं. २ मिलिग्रॅम हाफ्नियम म्हणजे ०.०११२ मिलिमोल, आणि तेवढे कण झिर्कोनियमचे असते तर त्यांचं वजन १.०२ मिलिग्रॅम भरलं असतं. उत्तर १०१.०. तुमचे दोन्ही आकडे हेच आहेत.

थोडक्यात, हाफ्नियमचा दर मिलिग्रॅम तोलण्यात ०.८७ मिलिग्रॅम झिर्कोनियम होऊन येतो आणि अनुमापनात ०.५१ होऊन. आकार सारखा, म्हणून वेगळं होत नाही. वजन दुप्पट, म्हणून दोन पद्धती जुळत नाहीत.

---

अवक्षेप

धुण्यातच अडकून बसलो होतो. पिवळा रंग टिकतो, तपासला. मग ०.७ ला ०.३६ ने भागून हाफ्नियम १.९ मिलिग्रॅम असं अहवालात लिहू शकतो का?

---

स्फटिक

लिहू नका. दोन मोठ्या आकड्यांच्या लहान फरकावर ते उभं आहे. प्रत्येक पद्धतीत ०.२ मिलिग्रॅमची चूक धरली, तर फरकात ती ०.२८ होते आणि ०.३६ ने भागल्यावर हाफ्नियममध्ये ०.८. म्हणजे उत्तर १.९ अधिक-उणे ०.८. हाफ्नियम आहे एवढं कळतं, किती आहे ते नाही. अहवालात "झिर्कोनियम आणि हाफ्नियम मिळून" असं लिहिणं प्रामाणिक आहे. झिर्कोनियाच्या प्रमाणपत्रांतही दोन्ही ऑक्साइड एकत्रच दाखवायची पद्धत आहे.

हाफ्नियम वेगळं हवं असेल तर एक्सआरएफवर मोजा. आतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा केंद्रकाच्या पूर्ण भारावर ठरतात, तिथे ४० आणि ७२ यांच्यात गल्लत होत नाही. एक सापळा तेवढा आहे. तरंगलांबीवर चालणाऱ्या यंत्रात झिर्कोनियमच्या Kα रेषेचं दुसऱ्या क्रमाचं परावर्तन १.५७२ अँगस्ट्रॉमला पडतं आणि हाफ्नियमची Lα रेषा १.५७० ला आहे. शेजारी झिर्कोनियम पन्नासपट असताना हाफ्नियम वाटेल तेवढं जास्त दिसू शकतं. नळीचा दाब १७ किलोव्होल्टवर ठेवा. झिर्कोनियमची K कडा १८.० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, त्यामुळे ती रेषा पेटणारच नाही. हाफ्नियमच्या L साठी ९.६ पुरतात. नाहीतर Lβ रेषेवर, १.३७४ ला मोजा.

---

विदुला_प

हे इतकं सारखं असेल तर अणुभट्टीसाठी लागणारं हाफ्नियममुक्त झिर्कोनियम बनतं कसं? मी तर वाचलं होतं की रासायनिक पद्धतीने ते वेगळं होऊच शकत नाही.

---

अणुरेणू

होतं, पण एका फटक्यात नाही. एका पायरीला थोडासा फरक पडतो आणि तो अनेक पायऱ्यांत साठवायचा. सुरुवातीला दुहेरी फ्लोराइडांचं पुनःपुन्हा स्फटिकीकरण करत. आता द्रावकाने ओढून घेतात. गंमत म्हणजे दोन प्रचलित पद्धती उलट दिशेने चालतात. थायोसायनेटच्या द्रावणातून मिथाइल आयसोब्युटाइल किटोन हाफ्नियमला आधी उचलतं. नायट्रिक आम्लातून ट्रायब्युटाइल फॉस्फेट झिर्कोनियमला उचलतं. आकारातला १ टक्का एकटा हे ठरवत असता, तर दिशा उलटायचं कारण नव्हतं. बंधांच्या स्वभावातही बारीक फरक आहे.

आणि एवढा खटाटोप करायचा तो केंद्रकासाठी. औष्णिक न्यूट्रॉन शोषण्याचा काटछेद झिर्कोनियमला ०.१८ बार्न आणि हाफ्नियमला १०४ बार्न. म्हणून अणुभट्टीच्या झिर्कोनियममध्ये हाफ्नियम १०० पीपीएमच्या खाली ठेवतात. लँथेनॉइड आकुंचन इलेक्ट्रॉनांपुरतं आहे, केंद्रकाला त्याचं काही नाही.

---

कवच_सहा

वरच्या "सगळ्या जोड्या" या शब्दावर परत येतो. मोलमागची जागा काढली तर नायोबियम १०.८, टँटलम १०.९. मोलिब्डेनम ९.३, टंगस्टन ९.५. चांदी १०.३, सोनं १०.२. आकारात सायली बरोबर आहे, थेट सोन्यापर्यंत. पण चांदी आणि सोनं गुणधर्मांनी सारखी आहेत असं कोण म्हणेल? झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांची पहिली आयनीकरण ऊर्जा ६४० आणि ६५९, फरक ३ टक्के. चांदी आणि सोन्याची ७३१ आणि ८९०, म्हणजे २२ टक्के. माझ्या मते सोन्याच्या बाबतीत लँथेनॉइड आकुंचनाचा संबंधच नाही, ते पूर्णपणे सापेक्षतेचं काम आहे.

---

स्फटिक

पहिला अर्धा भाग मान्य. दुसरा नाही.

सापेक्षतेचा परिणाम अणुक्रमांकाच्या वर्गाबरोबर वाढतो, आणि 6s इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ जात असल्याने त्याला तो जास्त जाणवतो. हाफ्नियममध्येही तो आहेच, सोन्यात जास्त आहे. 6s आवळतं आणि घट्ट धरलं जातं, 5d उलट थोडं पसरतं. म्हणून गट ४ मध्ये जोडी जुळ्यांसारखी आणि गट ११ मध्ये स्वभाव वेगळा. पण सोन्यातही 4f चे चौदा आहेतच. ते नसते तर सोनं नक्कीच मोठं असतं.

शिवाय "सारखा आकार" हेही कुठे मोजता त्यावर आहे. धातूत चांदी आणि सोन्याच्या अणूंमधलं अंतर जवळपास एकच आहे. पण दोन फॉस्फिनांमध्ये धरलेल्या एकसंयुज आयनांची तुलना १९९६ मध्ये श्मिडबाऊर यांच्या गटाने केली, तेव्हा चांदी १३३ आणि सोनं १२५ पिकोमीटर आलं. म्हणजे तिथे सोनं स्पष्ट लहान आहे.

---

कवच_सहा

मग सोन्यात 4f चा वाटा किती आणि सापेक्षतेचा किती, आकडा सांगता येईल?

---

स्फटिक

एकच आकडा नाही. गणितात 4f काढून टाकून अणू सोडवता येतो, सापेक्षता बंद करूनही येतो. दोन्ही परिणाम लक्षात येण्याजोगे निघतात. पण दोघांची साधी बेरीज होत नाही, कारण सापेक्षता 4f लाही हलवते आणि त्यामुळे त्यांचं शील्डिंगही बदलतं. आधी कोणता बंद केला यावर वाटणी बदलते.

---

निखिल_आलेख

शेवटचा प्रश्न. तिसऱ्या गटात इट्रियमच्या खाली लँथेनमऐवजी ल्युटेशियम लिहिलं, तर क्रम १५.०, १९.९, १७.८ असा होतो. टायटॅनियमच्या गटासारखाच वर जाऊन खाली. मग हा धागा सुरू करतानाचा "तिसऱ्या गटात मोठं होणं थांबत नाही" हा मुद्दा फक्त तक्ता कसा काढला यावर अवलंबून नाही का?

---

अणुरेणू

आहे, आणि आक्षेप रास्त आहे. लँथेनम खाली ठेवलं तर मध्ये 4f येत नाहीत, ल्युटेशियम ठेवलं तर येतात. ल्युटेशियमवाल्यांचा तो एक मुद्दाच आहे की मग गट ३ बाकी संक्रमण गटांसारखा वागतो. मला तोच तक्ता पटतो. मी लँथेनम घेतलं ते "4f च्या आधी" काय दिसतं ते दाखवायला.

---

स्फटिक

मला पटत नाही. इट्रियम ते ल्युटेशियम जागा ११ टक्क्यांनी घटते, झिर्कोनियम ते हाफ्नियम ४ टक्क्यांनी, आणि नायोबियम ते टँटलम घटतच नाही. ल्युटेशियम खाली ठेवून आकार "नियमित" होतो असं म्हणायचं असेल, तर गटागणिक हा बदल का, तेही सांगावं लागेल. त्यावर वेगळा धागा काढा, आकडे घेऊन येतो.